योड आणि षडाष्टक : एका अंशाचे गणित

पाश्चात्त्य पद्धतीने कुंडली मांडणारी संगणक प्रणाली आता वऱ्हाडातल्या लहान गावांतही पोहोचली आहे. अमरावती-अकोल्याकडची पत्रिका पूर्वी पंचांगावरून हाताने मांडली जाई. आज तीच पत्रिका छापील कागदावर दहा ग्रह आणि त्यांच्यामधल्या रंगीत रेषांसह मिळते. या रेषांच्या जाळ्यात एखादा लांबट, टोकदार त्रिकोण दिसला की त्याला 'योड' म्हणतात. हिब्रू लिपीतील सर्वांत लहान अक्षराचे हे नाव. या आकृतीला 'ईश्वराचे बोट' असेही म्हणण्याची प्रथा आहे. नाव असे भारदस्त असल्यामुळे ते ऐकताच घरात कुजबुज सुरू होते. मुलाच्या नशिबी काही विलक्षण आहे की काही विपरीत, असा प्रश्न आई-वडिलांना पडतो आणि मग शांतीची चौकशी होते.

या प्रश्नाच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. तो त्रिकोण काढताना किती अंशांची सूट घेतली होती? ही सूट एक अंशाची धरली तर योड नाहीसा होतो आणि तीन अंशांची धरली तर तो प्रकट होतो, असे अनेक कुंडल्यांत घडते. ग्रह तेच, जन्मवेळ तीच आणि गावही तेच. बदलतो तो फक्त मोजणाऱ्याचा नियम. तो नियम नेमके काय करतो, हे समजून घेण्यासाठी आपल्या आकाशातलेच एक अलीकडचे उदाहरण पुरेसे आहे.

दीडशे अंशांचा कोन

आकाशातील राशिचक्र ३६० अंशांचे. त्यावर दोन ग्रह एकमेकांपासून १५० अंशांवर असले की पाश्चात्त्य ज्योतिषात त्या योगाला 'क्विनकंक्स' म्हणतात. हा शब्द मुळात 'बारापैकी पाच भाग' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि १५० अंश म्हणजे चक्राचे बारापैकी पाच भागच होत. आपल्याकडे हा योग अनोळखी नाही. एका राशीपासून दुसरी सहावी आणि दुसरीपासून पहिली आठवी असली की आपण त्याला षडाष्टक म्हणतो. विवाहाच्या वेळी गुणमेलनात हाच शब्द घरोघर ऐकू येतो.

परंतु दोन्ही मोजण्यांत महत्त्वाचा फरक आहे. गुणमेलनातले षडाष्टक राशींवरून ठरते. चंद्र सिंहेत पहिल्या अंशावर असो की एकोणतिसाव्या, मीन राशीशी त्याचे षडाष्टक होतेच. क्विनकंक्स मात्र अंशांवरून ठरतो. दोन ग्रहांमधले अंतर बरोबर १५० अंश असावे, किंवा त्याच्या अगदी जवळपास असावे. हे 'जवळपास' म्हणजे किती, त्या मर्यादेला इंग्रजीत ऑर्ब म्हणतात. मराठीत त्यासाठी दीप्तांश हा शब्द रूढ आहे.

योड तयार होतो तो तीन ग्रहांचा. दोन ग्रह एकमेकांपासून ६० अंशांवर, म्हणजे लाभयोगात असतात आणि तिसरा ग्रह त्या दोघांपासूनही १५० अंशांवर असतो. साठ, दीडशे आणि दीडशे मिळून ३६० होतात, म्हणजे चक्र पूर्ण होते. लाभयोगातले दोन ग्रह हा त्रिकोणाचा पाया आणि तिसरा ग्रह त्याचे टोक. फलित सांगणारे सारा भर या टोकावरच्या ग्रहावर देतात. पायाच्या दोन्ही राशींशी टोकाच्या राशीचे कशातच साम्य नसते, ना तत्त्वात, ना चर-स्थिर-द्विस्वभाव या भेदात. म्हणून त्या ग्रहाला सतत जुळवून घ्यावे लागते, असा त्यांचा तर्क आहे.

दीप्तांश आले कुठून?

दीप्तांश हा शब्द ताजिक ज्योतिषातला. वर्षफल सांगण्याच्या या पद्धतीवरचा 'ताजिकनीलकंठी' हा ग्रंथ सोळाव्या शतकातला आहे. ताजिकात दीप्तांश ग्रहागणिक ठरलेले असतात : सूर्याचे १५, चंद्राचे १२, गुरू आणि शनीचे प्रत्येकी ९, मंगळाचे ८, तर बुध आणि शुक्राचे प्रत्येकी ७. मध्ययुगीन युरोपातही हेच आकडे वापरात होते, कारण दोन्हींचे मूळ अरबी-फारसी परंपरेत आहे.

इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. ताजिक पद्धतीत सहाव्या आणि आठव्या स्थानावर दृष्टीच मानलेली नाही. टॉलेमीच्या ग्रीक परंपरेतही दीडशे अंशांवरच्या राशींचा एकमेकींशी संबंध नाही, त्या परस्परांना 'दिसत' नाहीत, अशीच धारणा होती. म्हणजे हे मोठे दीप्तांश युती, प्रतियोग, नवपंचम, केंद्र आणि लाभ या योगांसाठी ठरलेले होते, षडाष्टकासाठी नव्हेत. क्विनकंक्सची गणना योगांमध्ये नंतरच्या काळात होऊ लागली आणि तो गौण योगांच्या यादीत गेला.

जुने आकडे नव्या योगाला लावले तर काय होते ते पाहा. सूर्य आणि चंद्र यांच्या दीप्तांशांची सरासरी साडेतेरा अंश येते. तेवढी सूट क्विनकंक्सला दिली तर १३६॥ अंशांपासून १६३॥ अंशांपर्यंतचे प्रत्येक अंतर त्यात बसेल. ही पट्टी २७ अंशांची, म्हणजे जवळजवळ पूर्ण राशीएवढी झाली. अंशात्मक योग मोजतो असे म्हणत आपण पुन्हा राशीवरच्या षडाष्टकाकडे आलो. म्हणूनच पाश्चात्त्य पद्धतीचे अभ्यासक मोठ्या योगांना सहा ते दहा अंश देत असले तरी क्विनकंक्सला सामान्यतः दोन-तीन अंशांच्या पुढे जात नाहीत, आणि त्यातले काटेकोर लोक एका अंशावर थांबतात.

गौण योगांना लहान दीप्तांश देण्यामागे आणखी एक सरळ कारण आहे. युती, प्रतियोग, त्रिकोण, केंद्र आणि लाभ यांच्या जोडीला ३०, ४५, ७२, १३५, १४४ आणि १५० अंशांचे गौण योग धरले तर एकूण अकरा योग होतात. त्या सर्वांना सरसकट पाच-पाच अंशांची सूट दिली, तर शून्य ते १८० अंशांमधला निम्म्याहून अधिक भाग कोणत्या ना कोणत्या योगाने व्यापला जातो. दहा ग्रहांच्या ४५ जोड्या होतात. त्यांतल्या सुमारे २४ जोड्यांत निव्वळ योगायोगाने काही तरी 'योग' निघेल. शिवाय १४४ आणि १५० यांच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात. १४७ अंशांवरचे दोन ग्रह यांपैकी कोणत्या योगात आहेत, हे सांगता येत नाही. जे सगळीकडे दिसते त्याने एका कुंडलीचा दुसरीपासून फरक करता येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे आकाश

आता उदाहरण घेऊ. २०२५ साली वऱ्हाडात पोळा २२ ऑगस्टला झाला. श्रावणाची अमावास्या दुसऱ्या दिवशी, २३ ऑगस्टला सकाळी ११ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास संपली. अमावास्या संपते म्हणजे सूर्य आणि चंद्र एकाच अंशावर येतात. त्या क्षणी दोघेही निरयन सिंह राशीत सुमारे ६ अंश १० कलांवर होते. नेपच्यून मीन राशीत ७ अंश १९ कलांच्या आणि प्लुटो मकर राशीत ७ अंश ४२ कलांच्या जवळपास होता. दोघेही वक्री आणि अतिशय मंद असल्याने त्या दिवसापुरते स्थिर धरायला हरकत नाही. सायन पद्धतीने राशी बदलतील, पण ग्रहांमधली अंतरे तीच राहतील. कारण अयनांश सर्वच ग्रहांतून सारखे वजा होतात. त्यामुळे योड सायन की निरयन, हा वाद इथे उद्भवत नाही.

नेपच्यून आणि प्लुटो यांच्यात ५९ अंश ३७ कलांचे अंतर आहे. लाभयोगाला अर्ध्या अंशापेक्षाही कमी उणीव, म्हणजे पाया पक्का. सिंहेपासून मीन आठवी आणि मकर सहावी, म्हणजे राशींवरूनही दोन्हीकडे षडाष्टक आहेच. गुणमेलनाच्या भाषेत सिंह-मीन हे प्रीतिषडाष्टक आणि सिंह-मकर हे मृत्युषडाष्टक. आता अंश पाहू. अमावास्येच्या क्षणी सूर्यापासून नेपच्यून १४८ अंश ५१ कलांवर, तर प्लुटो १५१ अंश ३२ कलांवर होता. एका बाजूला १ अंश ९ कलांची तूट, दुसऱ्या बाजूला १ अंश ३२ कलांची वाढ.

दीप्तांश एक अंशाचा धरला तर त्या क्षणी जन्मलेल्या बाळाच्या कुंडलीत सूर्याचा योड नाही. दोन अंशांचा धरला तर आहे, आणि टोकावर सूर्याबरोबर चंद्रही आहे. 'ईश्वराचे बोट' दिसले की नाही, हे अर्ध्या अंशावर ठरले.

हाच हिशेब पुढे नेला तर सूट आणि दिवस यांचे नाते दिसते. सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो. एक अंशाच्या नियमाने सूर्याचा योड २३ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर सुरू होऊन २५ तारखेच्या दुपारनंतर संपतो, म्हणजे सुमारे चाळीस तास. तीन अंशांचा नियम लावला तर तोच योड पोळ्याच्या आदल्या रात्री सुरू होतो आणि २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी संपतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतच काय, जगभरात या जवळजवळ सहा दिवसांत जन्मलेले प्रत्येक बाळ योडचे धनी ठरते.

चंद्राचे मान वेगळे आहे. तो तेव्हा तासाला सुमारे अर्धा अंश चालत होता. एक अंशाच्या नियमाने चंद्राचा योड २३ तारखेला दुपारी साडेबारानंतर सुरू होऊन पावणेचारच्या आधीच संपला. त्या दिवशी दुपारी दोन वाजता अकोल्यात एखादे बाळ जन्मले असे समजू. तेव्हा चंद्र सिंहेत ७ अंश २५ कलांच्या आसपास होता. नेपच्यूनशी त्याचा फरक काही कलांचा आणि प्लुटोशी पाव अंशाच्या आसपास. कितीही काटेकोर नियम लावला तरी हा योड टिकतो. त्याच बाळाचा सूर्य मात्र एक अंशाच्या बाहेरच आहे. म्हणजे याच कुंडलीत एक योड खरोखरच नेमका आहे आणि दुसरा सुटीच्या आधारावर उभा आहे. छापील कागदावर दोन्ही त्रिकोण सारख्याच जाडीच्या रेषांनी काढलेले असतील, तर वाचणाऱ्याला हा फरक कळणार नाही.

बेरजेची खूण

योड खरा की ओढूनताणून आणलेला, हे ओळखण्याची एक सोपी खूण गणितातच आहे. तिन्ही कोनांची बेरीज ३६० अंश व्हायलाच हवी. आपल्या उदाहरणात ५९ अंश ३७ कला, १४८ अंश ५१ कला आणि १५१ अंश ३२ कला यांची बेरीज बरोबर ३६० येते. याचा अर्थ असा की एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला भरून निघावी लागते. पायाचा लाभयोग ५६ अंशांचा असेल, म्हणजे चार अंशांनी कमी असेल, तर दोन्ही क्विनकंक्स मिळून चार अंशांची वाढ दाखवणार. त्यातला निदान एक तरी दोन अंशांनी किंवा त्याहून जास्त चुकलेला असणारच.

प्रत्यक्षात गडबड इथेच होते. संगणक प्रणालीत लाभयोगाला सहा अंशांची सूट आधीच घातलेली असते, कारण एरवी तो मोठा योग मानला जातो. तीच सूट योडच्या पायालाही लागते. परिणामी ५५ अंशांचा 'लाभयोग' आणि त्याच्या टोकावर दोन सैल क्विनकंक्स असा त्रिकोण तयार होतो. म्हणून योडपुरता लाभयोगही दोन-तीन अंशांच्या आत असावा, अशी अट घालणे तर्काला धरून आहे.

नेपच्यून-प्लुटोच्या पायाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे दोन ग्रह विसाव्या शतकाच्या मध्यापासून दीर्घकाळ लाभयोगाच्या आसपासच फिरत आहेत. आज आजोबा असलेली पिढी, त्यांची मुले आणि नातवंडे अशा साऱ्यांच्या कुंडल्यांत हा पाया कमी-अधिक प्रमाणात आहे. मग उरते ते फक्त टोक. पाया नेमका आहे असे धरले, तर सूर्यापासून शनीपर्यंतच्या सात ग्रहांपैकी एखादा टोकावर सापडण्याची शक्यता एक अंशाच्या नियमाने ढोबळ मानाने शंभरात चार, तीन अंशांच्या नियमाने अकरा-बारा, आणि पाच अंशांच्या नियमाने अठराच्या पुढे जाते. प्रत्येक पाचव्या-सहाव्या मुलाच्या कुंडलीत जे सापडते, त्याला दुर्मीळ म्हणता येत नाही.

अमरावती, अकोला आणि तीन मिनिटे

टोकावर ग्रहाऐवजी लग्न असले तर गणित आणखी नाजूक होते. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे सरकते. २३ ऑगस्टला सूर्य सिंहेच्या सहाव्या अंशाजवळ होता, म्हणून सूर्योदयाच्या वेळी लग्नही तिथेच होते. सूर्योदयानंतर काही मिनिटांत ते सातव्या अंशापलीकडे गेले आणि योडच्या टोकावर आले. एक अंशाच्या नियमाने हा लग्नाचा योड टिकला तो फक्त सुमारे सात मिनिटे.

आता अमरावती ७७ अंश ४५ कला पूर्व रेखांशावर आहे आणि अकोला साधारण ७७ अंशांवर. पाऊण अंशाच्या या फरकामुळे अकोल्यात सर्व काही तीन मिनिटे उशिरा घडते. अमरावतीत ती सात मिनिटे सुरू झाली तेव्हा अकोल्यात अजून तीन मिनिटे अवकाश होता, आणि अमरावतीत ती संपली तेव्हा अकोल्यात आणखी तीन मिनिटे उरली होती. म्हणजे घड्याळाच्या त्याच मिनिटाला जन्मलेल्या दोन बाळांपैकी एकाला योड आहे आणि दुसऱ्याला नाही, असे सहज घडू शकते. जन्मगाव म्हणून अकोल्याऐवजी मुंबई निवडली गेली, तर लग्न सुमारे चार अंशांनी सरकते आणि सारा हिशेबच कोलमडतो. जन्मवेळ 'सव्वासहा' अशी पाव तासाच्या अंदाजाने नोंदवली असेल, तरीही तेच होते. मंद ग्रहांना अशा चुकीचा उपसर्ग होत नाही, चंद्राला थोडा होतो, लग्नाला मात्र पूर्ण होतो. म्हणून जन्मवेळ मिनिटापर्यंत खात्रीची नसेल, तर लग्न किंवा दशम टोकावर असलेला योड विचारातच घेऊ नये.

नियम आधी, कुंडली नंतर

या साऱ्यातून दीप्तांश ठरवण्याचे काम कुंडली पाहण्याआधी व्हायला हवे, हे उघड होते. आयुष्यात मोठी उलथापालथ झालेल्या माणसाची पत्रिका समोर घेऊन दोन अंशांत योड सापडला नाही म्हणून तीन, मग चार अंश धरत गेले, तर शेवटी तो सापडतोच. तेव्हा सापडलेली गोष्ट त्या माणसाविषयी काहीच सांगत नाही, फक्त शोधणाऱ्याची चिकाटी सांगते.

ज्योतिषाच्या भाकितांना आधार आहे का, हा याहून मोठा प्रश्न. महाराष्ट्रात त्याची एक चाचणी झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या दोनशे कुंडल्या जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांना त्यांतल्या प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली, हे ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून जेवढे जमेल त्याहून ते अधिक नव्हते. योडच्या फलिताला याहून वेगळा, चाचणीवर उतरलेला आधार नाही. दीप्तांश नेमका असला की आकृती नेमकी असते, एवढेच गणित सांगते; तिचे फळ मिळेल, हे ते सांगत नाही.

तरीही पत्रिका घरोघर पाहिल्या जातात आणि पाहिल्या जाणार. तेव्हा कोणी 'ईश्वराचे बोट' दाखवले, तर तीन गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात : तिन्ही कोनांचे अंश आणि कला, धरलेला दीप्तांश, आणि टोकावर ग्रह आहे की लग्न. कोनांची बेरीज ३६० येते का, ते स्वतः करून पाहावे. दोन्ही क्विनकंक्समधला मोठा फरक एक अंशाच्या आत असेल तर योड आकृती म्हणून खरा आहे. तो दोन-तीन अंशांचा असेल तर एका पद्धतीने आहे आणि दुसरीने नाही. त्याहून जास्त असेल तर तो त्रिकोण काढण्याचेच कारण नव्हते, आणि त्याच्या शांतीसाठी घरातून पैसे काढण्याचे तर मुळीच नाही.